बांधावरचा डेमो : एक प्रस्तावना

सॉफ्टवेअर करणारी टीम दोन आठवडे काम करते, तयार झालेला भाग वापरणाऱ्यांपुढे ठेवते, त्यांचे म्हणणे ऐकते आणि त्यानुसार पुढच्या कामांची यादी बदलते. कामाच्या अशा फेरीला स्प्रिंट म्हणतात, तिच्या शेवटच्या या भेटीला स्प्रिंट रिव्ह्यू आणि त्या यादीला बॅकलॉग. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना सुरुवातीलाच सांगायला हवे की इथली परिभाषा अर्ध्या तासात पाठ होते, पण तिने फारसे काही साधत नाही. खरा प्रश्न असा असतो : समोरचा माणूस जे बोलला आणि यादीत जे लिहिले गेले, या दोन्हींच्या मधे नेमके काय घडले? ही प्रस्तावना त्या मधल्या जागेबद्दल आहे. उदाहरण पालघर जिल्ह्यातले घेतले आहे, कारण तिथे एका सरकारी ॲपच्या निमित्ताने ही मधली जागा उघड्यावर पाहायला मिळते.

विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी 1986 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये नव्या वस्तू घडवणाऱ्या जपानी आणि अमेरिकी कंपन्यांच्या टीमवर लेख लिहिला आणि त्यांच्या कामाच्या रीतीला रग्बीच्या खेळाची उपमा दिली. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी ती कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणून 1995 साली ऑस्टिनच्या ‘ऊप्सला’ परिषदेत ‘स्क्रम’ म्हणून मांडली. त्यांचे ‘स्क्रम गाइड’ 2010 मध्ये आले, आणि आज बहुतेक ठिकाणी आधार घेतला जातो तो त्याच्या नोव्हेंबर 2020 च्या आवृत्तीचा. रिव्ह्यूबद्दल त्यात जेमतेम तीन लहान परिच्छेद आहेत. महिन्याच्या स्प्रिंटला रिव्ह्यूसाठी जास्तीत जास्त चार तास द्यावेत, स्प्रिंट लहान असेल तर वेळही कमी घ्यावा, आणि ही काम करण्याची बैठक असल्याने तिचे नुसते सादरीकरण होऊ देऊ नये, असे ते सांगतात. दुसरीकडे एक नियम मात्र खणखणीत आहे. टीमने ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवलेले असते. त्या व्याख्येत न बसणारे काम रिव्ह्यूत दाखवायचेच नाही, ते यादीत परत जाते. ‘नव्वद टक्के झालंय’ हे वाक्य त्या खोलीत बोलायला बंदी आहे असे समजावे.

आता उदाहरण. शेतात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, याची नोंद पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये करत असत. ‘ई-पीक पाहणी’ या ॲपने ती नोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने झालेल्या या प्रकल्पाचा पहिला प्रयोग 2018 मध्ये पालघरला झाला, पुढे काही तालुक्यांत चाचण्या झाल्या, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ॲप राज्यभर लागू झाले. पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2022 ला, दुसरी आवृत्ती आली. नोंद केल्यावर 48 तासांच्या आत चूक सुधारण्याची सोय तिच्यात होती. मिश्र पिकांत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके लिहिता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंघोषणा म्हणून ग्राह्य धरायची आणि तलाठ्याने त्यांपैकी 10 टक्के तपासायच्या, असे ठरले. फोटो काढताना गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती दूर उभे आहोत हेही ॲप सांगू लागले.

ही यादी सरळ वाचली तर सुविधांची जाहिरात वाटते. उलटीकडून वाचली तर ती अडचणींची वही आहे. 48 तासांची सोय म्हणजे कुणीतरी भाताऐवजी नाचणी दाबून बसले होते आणि मागे फिरायला वाट नव्हती. तीन दुय्यम पिकांची सोय म्हणजे ज्याच्या शेतात चार पिके होती त्याला दोन-तीनच लिहून बाकीची सोडून द्यावी लागली होती. हे ॲप स्क्रमने घडवले गेले असा माझा दावा नाही आणि इथे त्याने फरकही पडत नाही. अडचण पुढे येते, तिचे काम ठरते आणि ते काम यादीत लागते. पद्धत कोणतीही असली तरी हा प्रवास चुकत नाही. तो आपण आतून पाहू. त्यासाठी पुढचे उदाहरण मी रचले आहे : पिकांची नोंद करणारे असेच एक ॲप, ते करणारी सहा-सात जणांची टीम, आणि रिव्ह्यूची जागा उमरोळी. पालघर आणि बोईसर यांच्या मधले हे स्टेशन. एका अंगाला तारापूरच्या कारखान्यांकडे जाणारी नोकरदार वर्दळ, दुसऱ्या अंगाला भातखाचरे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये या टीमने पिकाचा फोटो आणि ठिकाण नोंदवण्याचा भाग पूर्ण केला आहे. नोंदणी 1 ऑगस्टला उघडायची आहे. रिव्ह्यू जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठेवला आहे, कारण त्याआधी लावणी चालू असते आणि लावणीच्या दिवसांत चिखलातून उठून कुणी ॲप पाहायला येणार नाही, येऊही नये.

तयारीचा पहिला प्रश्न सादरीकरणाचा नसून माहितीचा असतो. डेमोसाठी बनवलेल्या खात्यांत काय भरायचे? घाईत टीम ‘टेस्ट शेतकरी 1’, गट क्रमांक 1, क्षेत्र 1 हेक्टर, पीक भात असे भरते. असा सातबारा पालघर तालुक्यात शोधूनही मिळणार नाही. तिथे सामाईक खाते असते, त्यात चुलत्यांची आणि आत्यांची नावे असतात, एका गटाचे पोटहिस्से असतात, क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते आणि त्यात पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो. डेमोतले खाते इतके गुळगुळीत असेल तर बघणाऱ्याला त्यात स्वतःचे शेत दिसत नाही. मग तो रंगाबद्दल बोलतो, बटणाच्या आकाराबद्दल बोलतो, ‘छान आहे’ म्हणतो. रिव्ह्यूत फक्त अशाच सूचना आल्या तर दोष सूचना देणाऱ्यांचा धरू नये. त्यांना बोलण्यासारखे काही दाखवलेच गेले नव्हते. म्हणून या टीमने चार खाती तयार केली : एक सरळ, एक सामाईक, एक चिंचोळ्या पट्टीच्या गटाचे आणि एक भाताच्या बांधावर तूर लावलेले. नावे खोटी, पण गुंतागुंत खरी. खऱ्या खातेदाराची माहिती डेमोत वापरायची नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

दुसरा प्रश्न जागेचा. पालघरच्या एखाद्या सभागृहात प्रोजेक्टर लावून हा रिव्ह्यू करता आला असता. पण ॲप विचारते, तुम्ही गटापासून किती दूर आहात? सभागृहात उत्तर येणार काही किलोमीटर. मग डेमोपुरते ठिकाण खोटे भरण्याचा मोह होतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये तशी सोय असते. त्या सोयीने डेमो सुरळीत पार पडतो आणि ज्याची परीक्षा घ्यायची तोच भाग परीक्षेतून सुटतो. शेतात गेले की तीन गोष्टी लगेच कळतात, ज्या कार्यालयात कधीच कळल्या नसत्या. पहिली म्हणजे पावसाच्या थेंबांनी टचस्क्रीन गोंधळते आणि ओल्या बोटाने यादीतले भलतेच पीक निवडले जाते. दुसरी, नेट नसेल तर फोनला उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून आयती मिळत नाही, ती थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते. आकाश मोकळे असले तरी यात अर्धे मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो, आणि तेवढ्यात माणूस ‘बंद पडलं’ म्हणून ॲप बंद करतो. तिसरी गोष्ट छत्रीची : एका हातात छत्री असली की एकाच हाताने फोटो काढावा लागतो, आणि फोटोचे बटण वरच्या कोपऱ्यात असेल तर अंगठा तिथवर पोचत नाही.

बाकी तयारी साधी आहे, म्हणून फार रेंगाळत नाही. दोन दिवस आधी आवृत्ती गोठवायची, म्हणजे त्यानंतर कुणीही ‘एवढंच एक’ म्हणून कोड घालणार नाही. ज्या फोनवर दाखवायचे त्याच फोनवर सगळा क्रम एकदा करून पाहायचा, आणि तो फोन टीममधल्या इंजिनिअरचा नवा फोन नसावा, गावात असतो तसा तीन-चार वर्षे जुना असावा. ओटीपीचा एसएमएस शेतात येईल का, हे आधी जाऊन तपासायचे. सगळेच फसले तर दाखवायला स्क्रीनचे रेकॉर्डिंग ठेवायचे, पण ते लागले तर ‘हे रेकॉर्डिंग आहे’ असे स्पष्ट सांगायचे.

तिसरा प्रश्न माणसांचा आणि त्यांच्या क्रमाचा. समजा या रिव्ह्यूला दोन शेतकरी, कृषी सहायक, गावचे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि तालुक्याचे एक वरिष्ठ अधिकारी आले. आपल्याकडे साहेब आधी बोलले की बाकीच्यांचे मत तयार होते. साहेबांनी ‘उत्तम’ म्हटले तर शेतकरी ‘हो, उत्तम’ म्हणतात; साहेबांनी नाक मुरडले तर तलाठी आपली अडचण पोटातच ठेवतात. यावर सभाधीटपणाचे धडे देऊन काही होत नाही, क्रम बदलून होते. फोन पहिल्यांदा शेतकऱ्याच्या हातात द्यायचा, मग तलाठ्यांच्या, आणि साहेबांनी तोवर पाहायचे, ही विनंती आदल्या दिवशी त्यांना भेटून करायची. बहुतेक अधिकारी ती मान्य करतात, कारण शांतपणे बघायला मिळते आणि लगेच मत द्यावे लागत नाही. टीममधल्या कुणीही फोनला हात लावायचा नाही. शेतकरी अडला की टीमचा माणूस झटकन पुढे होऊन ‘इथे दाबा काका’ म्हणतो, आणि त्या एका वाक्यात रिव्ह्यूची निम्मी कमाई जाते. अडल्यावर माणूस पुढे काय करतो तेच पाहायला आपण आलेलो असतो.

विचारायचे प्रश्नही आधी लिहून ठेवावेत. ‘आवडलं का?’ याचे उत्तर शिष्टाचाराने होकारार्थी येते. त्याऐवजी काम द्यावे : ‘काका, या पट्टीतल्या भाताची नोंद करून दाखवता का?’ आणि नंतर विचारावे : ‘मागच्या वर्षी ही नोंद कशी केली होती? कुठे थांबायला लागलं?’ मागच्या वर्षीची गोष्ट माणूस नेमकी सांगतो. पुढच्या वर्षी काय हवे याबद्दल तो कल्पना लढवतो.

आता नोंदीकडे. रिव्ह्यूच्या वेळी एकाने फक्त लिहायचे काम करावे आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : काय घडले, काय बोलले गेले, आणि आपल्याला त्याचा काय अर्थ वाटला. तिसरी गोष्ट पहिल्या दोनांत मिसळली की परत वेगळी करता येत नाही. आपल्या उदाहरणातली एक नोंद अशी आहे. घडले ते असे : पट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याने फोटो काढला, ॲपने ‘आपण गटापासून 96 मीटर दूर आहात’ असा संदेश देऊन फोटो नाकारला. त्याने तीनदा प्रयत्न केला, मग फोन कृषी सहायकाच्या हातात दिला. बोलणे असे : ‘मी माझ्याच शेतात उभा आहे. ही अंतराची अट काढून टाका.’ तलाठ्यांची लगेच भर : ‘अट काढली तर लोक घरी बसून फोटो टाकतील.’

अननुभवी टीम यातून एक नोंद बनवते : ‘अंतराची अट काढणे’. जरा अनुभवी टीम दोन्ही बाजूंना खूश करायला ‘अंतराची मर्यादा 50 वरून 100 मीटर करणे’ असे लिहिते. दोन्ही नोंदी सूचनेच्या आहेत, घटनेच्या नाहीत. घटना समजून घ्यायला कागद-पेन्सिल पुरते. शेतकऱ्याची पट्टी 200 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद आहे, म्हणजे 4,000 चौरस मीटर, सुमारे 40 गुंठे. ॲप अंतर मोजते ते गटाच्या मध्यबिंदूपासून. मध्यापासून टोक 100 मीटरवर आहे. मर्यादा 50 मीटर असेल तर पट्टीचा मधला 100 मीटरचा भागच तिच्यात येतो. दोन्ही टोकांचे 50-50 मीटर, म्हणजे निम्मे शेत, मर्यादेबाहेर राहते. शेतकरी खरे बोलत होता. आता आडव्या दिशेने पाहा. पट्टी 20 मीटरच रुंद असल्याने मध्यापासून आडवे 50 मीटर गेले की स्वतःची हद्द 10 मीटरवर संपते आणि शेजारच्या तशाच दोन पट्ट्या ओलांडल्या जातात. मधले एक शेत सोडून पलीकडच्याच्या भाताचा फोटोही ॲप मान्य करील. म्हणजे तलाठ्यांची भीतीही खरी होती, आणि ती अट काढण्याआधीपासूनच खरी होती. मर्यादा 100 मीटर केली तर शेतकऱ्याची अडचण जवळजवळ सुटते आणि शेजारच्या चार-पाच पट्ट्यांचे दार उघडते. अंतर किती ठेवायचे यात दोष नव्हताच. दोष होता अंतर कुठून मोजायचे त्यात.

इथे पोचल्यावर एका वाक्याच्या सूचनेतून बॅकलॉगमध्ये चार वेगळ्या जातीच्या गोष्टी निघतात.

पहिली लहान आहे आणि लगेच करता येते : नाकारताना ॲपने नुसते अंतर सांगू नये, कोणत्या दिशेला किती जायचे ते बाण दाखवून सांगावे. तिची स्वीकाराची अट अशी लिहिली. शेतकरी निवडलेल्या गटाच्या मध्यबिंदूपासून 50 मीटरपेक्षा दूर उभा असताना त्याने फोटोचे बटण दाबले, तर पडद्यावर मध्यबिंदूची दिशा दाखवणारा बाण आणि उरलेले मीटर दिसावेत. तो चालत गेला तसे आकडे बदलावेत. मर्यादेत आल्यावर बटण आपोआप चालू व्हावे. आणि हे सगळे नेट बंद असतानाही व्हावे. शेवटचे कलम शेतातल्या अनुभवातून आले, कार्यालयात ते कुणाला सुचले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे शोधाचे काम, ज्याला या क्षेत्रात स्पाइक म्हणतात. गावातल्या किती गटांच्या हद्दी डिजिटल नकाशात उपलब्ध आहेत, आणि किती गटांचे किती क्षेत्र मध्यबिंदूपासून 50 मीटरबाहेर पडते, हे मोजायचे. त्याला दोन दिवसांची मुदत, आणि शेवटी कोड नाही, एक पानी उत्तर. हे उत्तर न मिळवता पुढचे काम अंदाजावर घेतले तर कदाचित पाच गटांसाठी महिनाभर खर्ची पडेल.

तिसरी गोष्ट टीमची नाहीच. खरा फोटो कशाला म्हणायचे, टोकाला उभे राहून काढलेला चालेल का, शंका आल्यास तपासणी कुणी करायची, हे ठरवणे महसूल विभागाचे आहे. अशी गोष्ट बॅकलॉगमध्ये घुसवली की ती तिथे वर्षभर ‘अडकलेली’ म्हणून पडून राहते. तिची वेगळी नोंद करून, विचारायचा प्रश्न आणि कुणाला विचारायचे ते लिहून, यादी सांभाळणाऱ्या माणसाने, म्हणजे प्रॉडक्ट ओनरने, ती स्वतःकडे ठेवावी.

चौथी मोठी आहे : अंतर मध्यबिंदूऐवजी गटाच्या हद्दीपासून मोजणे. ती यादीत खाली, दोन ओळींत, तपशील न भरता ठेवायची, कारण स्पाइकचे उत्तर येईपर्यंत तपशील भरणे म्हणजे वेळ वाया घालवणे. शिवाय तिलाही मर्यादा आहे. नकाशात गट एक असतो आणि प्रत्यक्षात भाऊ-भाऊ त्याचे तुकडे वेगळे कसतात. हद्दीपासून मोजले तरी भावाच्या तुकड्यातला फोटो मान्य होणारच. ही मर्यादा नोंदीत आत्ताच लिहून ठेवली तर पुढे कुणी ‘हे तर सुटलं होतं ना?’ असे विचारणार नाही.

दुसरे उदाहरण थोडक्यात, कारण ते न बोललेल्या सूचनेचे आहे. दुसऱ्या शेतकऱ्याने भाताची नोंद केली, पुढे जाऊन तूर निवडली, क्षेत्राच्या चौकटीत 0 लिहिले, ॲपने नाकारल्यावर 1 लिहिले आणि ‘झालं’ म्हणाला. विचारले तेव्हा तक्रार काहीच नव्हती. पण बांधावरच्या तुरीला क्षेत्र किती लावायचे हे त्याला माहीत नव्हते आणि ॲपलाही नव्हते. 1 हा आकडा ॲपने आर म्हणून घेतला असेल तर जिल्ह्याच्या तुरीच्या आकडेवारीत असे शेकडो काल्पनिक आर जमा होतील. ही नोंद ‘काय घडले’ या रकान्यातूनच मिळते; ‘काय बोलले गेले’ हा रकाना इथे रिकामा आहे. फक्त सूचना गोळा करणारी टीम ती हातची घालवते, आणि कुणी तक्रार केली नाही म्हणून समाधानी राहते.

रिव्ह्यू संपल्यावर त्याच दिवशी, परतीच्या गाडीत का होईना, प्रॉडक्ट ओनर आणि लिहिणारा यांनी वही एकदा पूर्ण वाचावी. दुसऱ्या दिवशी ‘96 मीटर’चे ‘बरंच दूर’ झालेले असते. आधी कबूल केलेले वागणे जिथे बिघडले ते दोष म्हणून वेगळे काढायचे. ओल्या बोटाने भलतेच पीक निवडले जाणे हा दोष नाही, कारण तसे वचन कुणी दिले नव्हते, ती नवी गरज आहे. हा फरक कोरडा वाटेल, पण सगळेच दोष म्हणून नोंदले तर सगळेच तातडीचे ठरते आणि क्रम लावायचा उरतच नाही.

क्रम लावण्याची जबाबदारी एकट्या प्रॉडक्ट ओनरची आहे, हेही गाइड निःसंदिग्धपणे सांगते. रिव्ह्यूत साहेबांनी ‘हे पुढच्या स्प्रिंटला पाहिजे’ म्हटले आणि टीममधल्या कुणी ‘देतो सर’ म्हटले, की यादी त्या क्षणी प्रॉडक्ट ओनरच्या हातून गेली. ‘लिहून घेतलं आहे, सोमवारपर्यंत काय ठरलं ते कळवतो’ एवढेच उत्तर टीमने द्यावे. आपल्या उदाहरणात क्रम लावायला हंगामच मदत करतो. नोंदणी 1 ऑगस्टला उघडते आणि रिव्ह्यू जुलैच्या अखेरीस झाला. ॲपची नवी आवृत्ती तपासून लोकांच्या फोनवर पोचायला काही दिवस लागतात. म्हणून बाण दाखवण्याचे काम आणि पिकाची निवड कायम करण्यापूर्वी ‘भात, बरोबर?’ असे विचारणारा पडदा, ही दोन वर. तुरीच्या क्षेत्राचे पूर्ण उत्तर विभागाकडून यायचे आहे, तोवर चौकटीशेजारी ‘आर’ हे एकक मोठ्या अक्षरांत दाखवणे, हे तिसरे. हद्दीपासून अंतर मोजणे या खरिपात होणार नाही. ते सप्टेंबरमध्ये तयार झाले तरी तोवर बहुतेकांचे फोटो काढून झालेले असतील, त्यामुळे घाई करून काही मिळणार नाही. त्याचा विचार रब्बीच्या आधी, वाल-हरभरा शेतात उभा राहण्यापूर्वी करायचा. एकच काम जुलैत सोन्याचे आणि ऑक्टोबरमध्ये कवडीमोल असू शकते, म्हणून नोंदीवर ‘केव्हापर्यंत उपयोगाचे’ हा रकाना मी नेहमी आग्रहाने ठेवायला सांगतो, जरी बहुतेक तयार साच्यांत तो नसला तरी.

या पद्धतीला सीमा आहेत आणि विषयात येणाऱ्याने त्या ओळखून घ्याव्यात. पाच माणसांनी पाच अडचणी दाखवल्या म्हणजे त्या पाचच आहेत, असे होत नाही. कोणती अडचण किती जणांना येते हे रिव्ह्यू सांगू शकत नाही. त्यासाठी ॲप चालू झाल्यावर नाकारलेल्या फोटोंची मोजणी लागते : कोणत्या गावात, किती अंतरावर, कितव्या प्रयत्नाला. रिव्ह्यू चाचणीची जागाही घेत नाही. एकाच वेळी हजारोंनी फोटो पाठवले तर सर्व्हरचे काय होते, हे उमरोळीच्या बांधावर कळणार नाही. आणि रिव्ह्यूला येऊ शकणाऱ्यांकडे फोन असतो, वेळ असतो. ज्याच्याकडे स्मार्टफोनच नाही त्याचा अनुभव रिव्ह्यूत नसतो. तो कृषी सहायकाच्या किंवा तलाठ्याच्या तोंडून, दुसऱ्याचा म्हणून ऐकायला मिळतो, आणि तसाच नोंदवावा.

राहता राहिले ते ज्यांनी वेळ दिला त्यांना कळवणे. ठरल्याप्रमाणे सोमवारी कळवायचे ते चार ओळींत मावते : तुमचे काय लिहून घेतले, त्यातले काय होणार, काय नाही आणि का. पट्टीच्या शेतकऱ्याला बाण येणार हे कळवायचे. अट काढणार नाही हेही त्याच संदेशात, कारणासह कळवायचे. नाकारलेल्या नोंदी यादीत लपवून ठेवू नयेत, पुढच्या रिव्ह्यूत त्या वाचून दाखवून काढून टाकाव्यात. नाहीतर वर्षभरात बॅकलॉग तीनशे ओळींचा होतो आणि त्यातल्या दोनशे कुणी, कुठे, कोणत्या शेतात उभे राहून म्हटल्या होत्या, हे सांगणारा कुणी उरत नाही.